एक कुलूप लावलं नव्हतं आणि पेट्रोलची टाकी ओसंडली : 'बो-टाय' आकृती धोका कसा मांडते?

११ डिसेंबर २००५. रविवारची पहाट. लंडनच्या उत्तरेला साधारण ४० किलोमीटरवर हेमेल हेम्पस्टेड नावाचं शहर आहे. त्याच्या कडेला बन्सफिल्ड इथं पेट्रोल, डिझेल आणि विमानाच्या इंधनाचा मोठा साठा होता. तिथल्या ९१२ नंबरच्या टाकीत आदल्या संध्याकाळपासून पाइपलाइननं पेट्रोल भरलं जात होतं. टाकीची क्षमता ६० लाख लिटर.

पहाटे ५ वाजून ३७ मिनिटांच्या सुमारास टाकी भरली आणि पेट्रोल वरून सांडायला लागलं. ते कुणी थांबवलं नाही, कारण टाकी भरली आहे हे कंट्रोल रूममध्ये कुणाला माहीतच नव्हतं. ६ वाजून १ मिनिटानं स्फोट झाला. भूकंप मोजणाऱ्या यंत्रांवर त्याची नोंद २.४ अशी झाली. वीसपेक्षा जास्त टाक्या पेटल्या आणि आग कित्येक दिवस धुमसत राहिली. ४३ जण जखमी झाले. रविवारची पहाट असल्यामुळे शेजारची ऑफिसं रिकामी होती, म्हणून कुणाचा जीव गेला नाही. हाच स्फोट सोमवारी सकाळी अकराला झाला असता तर काय झालं असतं, याचा विचार नंतर अनेकांनी केला.

आता तुम्ही म्हणाल, एवढ्या मोठ्या टाकीला ती भरल्यावर वाजणारा अलार्म नव्हता का? होता. एक नाही, अनेक होते. मग ते सगळे एकाच रात्री गप्प कसे राहिले, हे समजून घ्यायला एक चित्र फार कामाला येतं. त्याला म्हणतात 'बो-टाय'. कोटावर गळ्याशी फुलपाखरासारखा जो टाय लावतात, तसाच या आकृतीचा आकार असतो. मधे गाठ, डावीकडे एक पंख, उजवीकडे दुसरा.

ही आकृती घरातूनच समजून घेऊ.

आपल्या स्वयंपाकघरात १४.२ किलोचा गॅस सिलेंडर असतो. तो गॅस हा धोका. तो घरात नको असं म्हणता येत नाही, कारण त्याच्यावरच आपला स्वयंपाक होतो. धोका सांभाळून वापरायचा असतो. मग आकृतीच्या मधल्या गाठीत काय लिहायचं? बहुतेक जण पटकन म्हणतील, 'स्फोट'. पण तिथं स्फोट लिहायचा नसतो. गाठीत लिहायचं असतं, 'जिथं असायला नको तिथं गॅस आला'. म्हणजे धोका आपल्या हातातून सुटला तो क्षण. अजून काही जळलेलं नाही, कुणाला इजा झालेली नाही, पण ताबा गेलेला आहे. याला या विषयातले लोक 'टॉप इव्हेंट' म्हणतात.

गाठीच्या डावीकडे येतात कारणं. नळी जुनी होऊन तडकली. दूध उतू जाऊन बर्नर विझला आणि कुणाच्या लक्षात आलं नाही. सिलेंडर बदलताना आतलं रबरी वॉशर खराब निघालं. या प्रत्येक कारणापासून गाठीपर्यंत एक रेघ ओढायची आणि त्या रेघेवर मधे अडसर ठेवायचे. अडसर म्हणजे जुन्या वाड्याच्या दाराला आतून आडवा लावायचा तो. कारण घडलं तरी गोष्ट गाठीपर्यंत पोहोचू न देणारं काहीतरी. नळीच्या रेघेवर तारेची जाळी असलेली सुरक्षा नळी आणि ती पाच वर्षांनी बदलणं. उतू जाण्याच्या रेघेवर ज्योत विझली की आपोआप गॅस बंद करणारी शेगडी.

उजवीकडे येतात परिणाम. भडका उडणं, कुणी भाजणं, घर जळणं. गाठीपासून या परिणामांपर्यंतही रेघा जातात आणि त्यांच्यावरही अडसर असतात. फरक एवढाच, की गॅस सुटून गेल्यावर ते कामाला येतात. गॅसला मुद्दाम वास लावलेला असतो, तो यांतला पहिला. वास आला, तुम्ही ओळखलं, रेग्युलेटर बंद केला, खिडक्या उघडल्या, कुठल्याही बटणाला हात लावला नाही, की रेघ तिथंच तुटते.

झाली आकृती. डावीकडे 'होऊ नये म्हणून', उजवीकडे 'झालंच तर', आणि मधे ताबा सुटण्याचा क्षण. तेलकंपन्यांमध्ये ही पद्धत १९९०च्या दशकात रुळली. १९८८ साली उत्तर समुद्रात पायपर अल्फा या तेलफलाटावर १६७ माणसं मेली, त्यानंतर धोका कागदावर कसा मांडायचा यावर त्या उद्योगाला गंभीरपणे विचार करावा लागला.

पण चित्र काढणं हा सोपा भाग आहे. अवघड आहे ते प्रत्येक अडसराला प्रश्न विचारणं. घरातलंच बघा. वास हा अडसर, पण तुम्हाला सर्दी झाली असेल तर? नाक बंद असताना तो अडसर चित्रात आहे आणि घरात नाही. अडसर कमकुवत करणाऱ्या अशा गोष्टीसुद्धा बो-टायमध्ये त्या त्या अडसराखाली काढतात. ही छोटी उपरेघ लोक कंटाळा करून सोडून देतात. बन्सफिल्डची सगळी गोष्ट मात्र तिथंच आहे.

चला, आता ९१२ नंबरच्या टाकीची बो-टाय काढू. ही त्या कंपनीची आकृती नाही. नंतरच्या चौकशीत जे बाहेर आलं त्यावरून आपण काढतोय.

धोका : टाकीतलं पेट्रोल. टॉप इव्हेंट : पेट्रोल टाकीबाहेर आलं. डावीकडे कारणं बरीच असू शकतात. टाकीला गंज लागून भोक पडेल, पाइप फुटेल, किंवा टाकी गरजेपेक्षा जास्त भरली जाईल. आपण शेवटची रेघ घेऊ. तिच्यावर कागदावर चार अडसर दिसले असते.

पहिला, कंट्रोल रूममधला माणूस. तो स्क्रीनवर पातळी बघतो आणि वेळेत भरणं थांबवतो. दुसरा, पातळी ठरलेल्या रेघेच्या वर गेली की वाजणारा अलार्म. तिसरा, त्याच्याही वरच्या पातळीचा अलार्म. चौथा, टाकीच्या अगदी वर बसवलेला एक वेगळा स्विच. पेट्रोल तिथपर्यंत चढलं तर माणसाची वाट न बघता तो येणारा प्रवाहच बंद करणार.

चार अडसर म्हटल्यावर कुणालाही वाटेल, व्यवस्था चांगली आहे. आता प्रत्येकाला विचारू, तू कशावर उभा आहेस?

टाकीतली पातळी मोजायला एक गेज होतं. टाकीत तारेला एक वजन लटकवलेलं असतं, ते पेट्रोलच्या पातळीबरोबर वरखाली होतं आणि यंत्र त्याची जागा कंट्रोल रूमला कळवतं. माणूस स्क्रीनवर बघत होता तो आकडा याच गेजचा. दुसऱ्या अडसराचा अलार्म वाजणार होता याच गेजवरून. तिसऱ्याचाही.

त्या रात्री ३ वाजून ५ मिनिटांनी हे गेज अडकलं. टाकी तेव्हा साधारण दोन तृतीयांश भरली होती. स्क्रीनवर पातळी तिथंच थांबली, आणि अलार्मच्या दृष्टीनं टाकीत अजून भरपूर जागा होती. म्हणजे एक तार अडकली आणि तीन अडसर एकदम गेले. बो-टायमध्ये ते तीन चौकोन म्हणून काढले असते, तरी प्रत्यक्षात तो एकच अडसर होता. या क्षेत्रातले जाणकार म्हणूनच सांगतात की एका रेघेवरचे अडसर एकमेकांपासून स्वतंत्र हवेत. एकाच विजेवर, एकाच मापकावर किंवा एकाच माणसाच्या लक्षात राहण्यावर अवलंबून असलेले दोन अडसर दोन म्हणून मोजायचे नाहीत.

इथं एक शंका येते. तासाला साधारण साडेपाच लाख लिटर पेट्रोल आत येतंय आणि पातळीचा आकडा अडीच तास हलत नाही, हे माणसाला दिसायला नको होतं का? खरंय. पण कंट्रोल रूममध्ये या गेजसाठी स्क्रीन एकच होता. एका वेळी एकाच टाकीची माहिती पूर्ण दिसायची, आणि त्या रात्री ९१२ ची खिडकी स्क्रीनवर बाकीच्या टाक्यांच्या खिडक्यांच्या मागं गेलेली होती. माणूस हा अडसर म्हणून मोजायचा असेल तर तीन गोष्टी पूर्ण व्हाव्या लागतात. त्याला कळलं पाहिजे, त्याला ठरवता आलं पाहिजे आणि मग त्याला करता आलं पाहिजे. तिन्हींपैकी एक निसटली की तो चौकोन रिकामा. इथं पहिलीच निसटली होती. खुर्चीत बसलेल्या माणसाला दोष देणं सोपं आहे, पण त्याला कळवण्याचं काम ज्याचं होतं ते यंत्र त्याला चुकीचं सांगत होतं.

आणि गेज पहिल्यांदाच अडकलं असंही नाही. ऑगस्टच्या अखेरीस टाकीची दुरुस्ती-देखभाल झाली. तिथपासून डिसेंबरच्या त्या रात्रीपर्यंत ते १४ वेळा अडकलं होतं. कधी तिथलेच सुपरवायझर वजन पार वर उचलून पुन्हा खाली सोडायचे आणि ते चालायला लागायचं. कधी देखभालीच्या कंपनीला बोलवायचे. प्रत्येक वेळी बिघाड म्हणून नोंद होत नव्हती. अडकण्याचं मूळ कारण कुणी पक्कं शोधून काढलं नाही. आपण नाही का, टीव्हीच्या रिमोटला दोन चापट्या मारून काम भागवतो? तसंच.

बो-टाय जर भिंतीवर लावायची वस्तू नसून रोज वापरायची असेल, तर ही १४ वेळची नोंद त्या चौकोनापर्यंत पोहोचायला हवी. बऱ्याच कारखान्यांत अडसरांना रंग देतात. चांगला असेल तर हिरवा, शंका असेल तर पिवळा, बंद असेल तर लाल. १४ वेळा अडकलेल्या गेजवर उभे असलेले तिन्ही चौकोन लाल असायला हवे होते. ते लाल झाले असते, तर पुढचा प्रश्न आपोआप आला असता. मग आता आपण सगळे त्या चौथ्या स्विचच्या भरवशावर आहोत का? तो तरी चालतोय ना?

तर तो चौथा स्विच. हा खरोखर स्वतंत्र होता. गेजशी त्याचा संबंध नव्हता. जुलै २००४ मध्ये नवाच बसवला होता. तो चालतो की नाही हे बघायला त्यावर एक छोटा दांडा होता. दांडा हलवला की स्विचला वाटायचं पेट्रोल वर आलं, आणि चाचणी व्हायची. चाचणी झाली की दांडा मूळ जागी आणायचा आणि कुलूप लावून तिथंच अडकवून ठेवायचा. कुलूप नसेल तर दांडा खाली घसरायचा आणि स्विच निकामी व्हायचा.

कुलूप लावलेलं नव्हतं.

का नव्हतं? कारण ते कशासाठी आहे हे बसवणाऱ्यांना आणि वापरणाऱ्यांना माहीत नव्हतं. ज्यांनी स्विच बनवला त्यांनी ही गोष्ट नीट पोहोचवली नाही, ज्यांनी बसवला त्यांनी विचारली नाही. कुणी छेडछाड करू नये म्हणून कुलूप असेल, असा समज होता. छेडछाडीची भीती नसेल तर कुलूप कशाला, हा विचार तसा चुकीचा वाटत नाही. पण त्यामुळे झालं असं, की स्विच चालतो का हे बघायला केलेल्या चाचणीनंतरच तो बंद अवस्थेत सुटायचा. चाचणीच्या कागदावर मात्र 'चालतो' अशी खूण होणार, आणि ती खोटीही नाही. चाचणीच्या क्षणी तो चालतच होता.

मगाशी ज्या छोट्या उपरेघेबद्दल बोललो ती हीच. 'स्वतंत्र स्विच' या चौकोनाखाली 'हा कशामुळे निकामी होईल?' असा प्रश्न कुणी विचारला असता, तर उत्तर द्यायला कुणालातरी बनवणाऱ्याचं माहितीपत्रक उघडावं लागलं असतं किंवा त्यांना फोन करावा लागला असता. आणि मग त्या उपरेघेवर एक साधी ओळ आली असती : चाचणीनंतर दांडा जागेवर, कुलूप लागलेलं, दुसऱ्या माणसानं बघितलं.

डावा पंख इथं संपला. ५ वाजून ३७ मिनिटांनी पेट्रोल बाहेर आलं. बो-टायच्या भाषेत आपण गाठीत आहोत. अजून काही पेटलेलं नाही आणि हातात २४ मिनिटं आहेत.

उजव्या पंखात पहिलाच अडसर दिसतो तो टाकीभोवतीची भिंत, जिला आपल्याकडे तेल डेपोत डाइक म्हणतात. सांडलेलं पेट्रोल आत धरून ठेवणं हे तिचं काम. पण ती कुठल्या रेघेवर आहे हे नीट बघा. 'पेट्रोल जमिनीत आणि पाण्यात गेलं' या परिणामाच्या रेघेवर ती आहे. 'वाफ पेटून स्फोट झाला' या रेघेवर ती नाही. भिंत द्रव अडवते, वाफ नाही.

आणि वाफ भरपूर तयार झाली. पेट्रोल टाकीच्या छतावरून खाली येताना कडेच्या पट्ट्यांवर आपटलं, त्याचे बारीक थेंब झाले. हिवाळ्यात इंजिन लवकर सुरू व्हावं म्हणून तिथल्या पेट्रोलमध्ये ब्युटेन जास्त असतं, ते चटकन उडतं. हवा थंड आणि स्थिर होती. पेट्रोलची वाफ हवेपेक्षा जड, आपल्या सिलेंडरमधल्या गॅससारखीच. ती वर उडून जात नाही, जमिनीलगत पसरते. नंतर कॅमेऱ्यांचं चित्रण पाहिलं तेव्हा पांढऱ्या धुक्यासारखा थर डाइकवरून ओसंडून आवाराबाहेर पसरताना दिसला. एकूण अडीच लाख लिटरहून जास्त पेट्रोल सांडलं होतं.

आवारातल्या एका टँकर चालकाला ते धुकं दिसलं आणि त्यानं कर्मचाऱ्यांना सांगितलं. म्हणजे 'कळलं' ही पायरी शेवटी झाली, तीही यंत्रामुळे नाही, माणसाच्या डोळ्यांमुळे. आगीचा अलार्म दाबला गेला. तो दाबला की भोंगा वाजतो आणि आग विझवण्याच्या पाण्याचा पंप आपोआप सुरू होतो. आगीच्या वेळी ही फारच चांगली सोय आहे. पण तेव्हा आग नव्हती, वाफ होती. पंप सुरू झाला आणि जवळजवळ त्याच क्षणी स्फोट झाला. पंप सुरू होतानाची ठिणगीच बहुधा कारणीभूत ठरली, असं चौकशीतून पुढं आलं.

घरात गॅसचा वास आल्यावर वास जावा म्हणून घाईघाईनं एक्झॉस्ट फॅनचं बटण दाबणारे लोक आहेत. ठिणगी तिथंही उडते. नेमकी तीच गोष्ट इथं कारखान्याच्या मापात झाली. वाचवायला ठेवलेला अडसर एका परिणामाच्या रेघेवर काम करत असताना दुसऱ्या रेघेवर आग लावू शकतो. बो-टाय काढताना उजवीकडच्या प्रत्येक अडसराला म्हणून विचारतात, तू सुरू झालास तर आणखी काय होईल? हा प्रश्न मला तरी सगळ्यात कमी विचारला जाणारा वाटतो, कारण वाचवणाऱ्या यंत्रावर संशय घ्यायची आपल्याला सवय नसते.

आता पाण्याची रेघ. आग लागल्यावर ती विझवायला प्रचंड पाणी आणि फोम मारावा लागला. डाइकच्या भिंतींमधून पाइप जातात, तिथल्या फटी आणि भिंतींचे सांधे आगीत टिकले नाहीत. इंधन, पाणी आणि फोम यांचं मिश्रण बाहेर झिरपलं. बन्सफिल्डच्या खाली चुनखडीसारखा सच्छिद्र चॉक खडक आहे आणि त्यातून पिण्याचं पाणी उपसलं जातं. प्रदूषण त्या भूजलापर्यंत पोहोचलं. भिंत गळतीसाठी बांधलेली होती, तिच्या सांध्यांना दीर्घकाळ आग सोसावी लागेल हे बांधताना पुरेसं धरलेलं नव्हतं.

म्हणजे ही आकृती आधी काढली असती तर सगळं टळलं असतं का? इथं थोडं सावध राहायला हवं. त्या काळी पेट्रोलच्या उघड्यावरच्या टाक्यांजवळ सांडलेलं पेट्रोल पेटून मोठी आग लागेल, हे सगळ्यांनी धरलेलं असायचं. वाफेचा एवढा ताकदीचा स्फोट होईल, ही शक्यता मात्र सुरक्षेच्या अहवालांत धरलेली नव्हती. मग उजव्या टोकाला तो परिणाम कुणी लिहिला असता? जे डोक्यात आलं नाही ते आकृतीत येत नाही. शिवाय कुठली रेघ किती वेळा घडू शकते, हेही बो-टाय सांगत नाही. त्यासाठी वेगळं गणित करावं लागतं. डावी बाजू मात्र पूर्णपणे माहितीतली होती. टाकी जास्त भरली जाऊ शकते, गेज अडकू शकतं, हे कुणाला नवीन नव्हतं.

तुमच्या कंपनीत अशी आकृती लावलेली असेल, तर ती खरी आहे की नुसती सजावट, हे ओळखायला फार तांत्रिक ज्ञान लागत नाही. चौकोनात 'कर्मचाऱ्यांना प्रशिक्षण', 'सुरक्षा सूचना', 'नियमित देखभाल' असं लिहिलेलं दिसलं तर थांबा. प्रशिक्षण स्वतः पेट्रोल अडवत नाही. ते एखाद्या अडसराला नीट ठेवायला मदत करतं, म्हणून त्याची जागा खालच्या उपरेघेवर. चौकोनात असं काहीतरी हवं जे त्या क्षणी रेघ तोडतं आणि ज्याला जाऊन हात लावता येतो, तपासता येतं. गाठीत 'स्फोट' किंवा 'अपघात' लिहिलेलं असेल तर उजवा पंख बहुधा फुकट गेलेला असतो, कारण स्फोटानंतर उरते ती फक्त अँब्युलन्स. आणि दहा वर्षं जुन्या आकृतीतले सगळे चौकोन हिरवेच असतील, तर ते कुणी शेवटचे कधी तपासले हे विचारून बघायला हरकत नाही. नुसतं 'अहो, हा स्विच बंद पडला तर आपल्याला कसं कळेल?' एवढं विचारलं तरी बरंच काही बाहेर येतं.

बन्सफिल्डप्रकरणी २०१० मध्ये पाच कंपन्यांना दंड आणि खटल्याचा खर्च मिळून साधारण ९५ लाख पौंड भरावे लागले. एकूण नुकसान मात्र साधारण १ अब्ज पौंडांच्या घरात गेलं. चौकशीनंतर ब्रिटनमध्ये पेट्रोलच्या अशा टाक्यांना, गेजपासून पूर्णपणे वेगळी आणि माणसाची वाट न बघता भरणं थांबवणारी व्यवस्था असावी, असा आग्रह धरला गेला. चौथा अडसर होता तोच, फक्त आता तो चालू असल्याची खात्री करण्यासह.

पण चार वर्षांनी, २९ ऑक्टोबर २००९ ला, जयपूरजवळ सीतापुरा इथल्या इंडियन ऑइलच्या डेपोत पुन्हा पेट्रोलच्या वाफेचा ढग पेटला. तिथली डावी रेघ पूर्ण वेगळी होती. टाकी जास्त भरली नव्हती, पाइपवरच्या एका व्हॉल्व्हवर काम चालू असताना पेट्रोलचा फवारा सुटला. तिथं गाठीपासून स्फोटापर्यंत २४ मिनिटं नाही, सव्वा तासाच्या आसपास वेळ मिळाला होता. पण व्हॉल्व्ह बंद करू शकणारी माणसंच वाफेत गुदमरून पडली, आणि तो दुरून, कंट्रोल रूममधून बंद करायची सोय चालू अवस्थेत नव्हती. त्या संध्याकाळी ११ जणांचा जीव गेला. नंतर नेमलेल्या एम. बी. लाल समितीनं तेल डेपोंसाठी ज्या शिफारशी केल्या, त्यांत दुरून बंद करता येणारे व्हॉल्व्ह हा एक ठळक मुद्दा होता.